भाड्याचं दुकान सोडताना पार्टिशन, रंग आणि सीलिंग: काय काढायचं, काय ठेवायचं, डिपॉझिट कसं वाचवायचं



भाड्याच्या गाळ्यात इंटिरिअरचं काम काढलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो: "सर, हे पार्टिशन मी माझ्या पैशानं केलं. दुकान सोडताना मालक म्हणतो काढून द्या. आणि सीलिंग काढायला गेलो तर म्हणतो हात लावू नका. नेमकं माझं काय आणि मालकाचं काय?"

निराला बाजारात असो, कॅनॉटला असो की गारखेड्याच्या एखाद्या गल्लीत, भांडण शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं, ते म्हणजे डिपॉझिट. ते मालकाच्या हातात असतं. त्यामुळे रंग, भोकं, तुटलेली फरशी यांचे पैसे किती कापायचे हे तो ठरवतो आणि ते चूक आहे हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. पन्नास-साठ हजारांसाठी कोर्टात जाणं बहुतेक छोट्या व्यावसायिकांना परवडत नाही. म्हणून हा विषय दुकान सोडताना नाही, सुतार बोलवायच्या आधी समजून घ्यायचा आहे.

पहिली गोष्ट: तुमच्या हातात कोणता कागद आहे?

आपण सगळेच "भाडेकरार" म्हणतो. पण आतला मथळा वाचा. तो बहुतेक वेळा "लीव्ह अँड लायसेन्स" असतो, अकरा महिन्यांचा किंवा तीन वर्षांचा. काहींकडे मात्र खरा भाडेपट्टा, म्हणजे लीज असते.

फरक मोठा आहे. लीजमध्ये तुम्ही भाडेकरू असता आणि जागेत तुमचा एक कायदेशीर हक्क तयार होतो. लायसेन्समध्ये तुम्हाला फक्त जागा वापरायची परवानगी असते. खाली सांगितलेले भाडेकरूचे कायदेशीर हक्क लीजवाल्यांसाठी आहेत. लायसेन्सवाल्यांना मुख्य आधार एकच, करारात काय लिहिलंय तो. त्यामुळे लायसेन्सवर असाल तर "कायदा माझ्या बाजूने आहे" असं गृहीत धरून खर्च करू नका. करारातली ओळ तुमच्या बाजूने करून घ्या.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झालेलीच नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाला ते खोटं ठरवायचं असेल तर पुरावा त्याने द्यायचा.

कायदा काय म्हणतो? तीन वाक्यांत

मूळ नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये आहेत. आपल्या कामाचे तीन आहेत.

एक, जागा जशी मिळाली तशीच चांगल्या स्थितीत परत द्यायची. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि आपल्या हाताबाहेरची आपत्ती यांतून सूट आहे.

दोन, मालकाच्या संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही.

तीन, भाडेकरूने स्वतः जागेला जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. पण दोन अटींवर: जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच, आणि जागा मिळाली होती त्या स्थितीत ठेवून.

या तिसऱ्या नियमातली वेळेची अट लोकांच्या लक्षात येत नाही. करार संपला तरी ताबा तुमच्याकडे असेल तर वस्तू काढता येतात. पण चावी देऊन टाकली की हा हक्क संपतो. "चावी घ्या साहेब, पार्टिशन पुढच्या रविवारी नेतो" हे वाक्य म्हणूनच महागात पडतं. पुढच्या रविवारी मालक नाही म्हणाला तर तुमच्याकडे विनंतीशिवाय काही उरत नाही.

आणि या कलमाची सुरुवातच अशी आहे की वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर हे नियम. म्हणजे करारात "भाडेकरूने केलेली सर्व कामे मालकाची होतील" असं लिहून तुम्ही सही केली असेल, तर पहिला मान त्या ओळीला.

अजून एक गैरसमज. जागा सुधारली म्हणून मालकाने भरपाई द्यावी, असा हक्क या कलमात नाही. दुरुस्तीचं वेगळं आहे. गळका स्लॅब दुरुस्त करणं मालकाची जबाबदारी असेल, तुम्ही नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत ते केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण फॉल्स सीलिंग ही तुमची हौस किंवा गरज, ती तुमच्याच खिशातून.

महाराष्ट्राच्या कायद्यातली यादी, आणि तिचा चुकीचा अर्थ

आपल्या शहरात 1999 चा हा कायदा 31 मार्च 2000 पासून आला. त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या काळातला 1954 चा घरभाडे नियंत्रण कायदा चालायचा. गुलमंडी, औरंगपुऱ्यासारख्या जुन्या बाजारपेठेत तुम्ही पिढीजात भाडेकरूकडून सल्ला घेत असाल तर हे लक्षात ठेवा. त्यांचं भाडं, त्यांचे हक्क आणि त्यांची सवय वेगळ्या काळातली आहे. तुमचा तीन वर्षांचा लायसेन्स करार त्या मापाने मोजू नका.

1999 च्या कायद्याचं कलम 16 सांगतं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला जागा खाली करायला लावता येते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, काय कायमस्वरूपी धरायचं नाही याची यादी आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, एक्झॉस्टची वाट आणि धुराडं. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेतलेली हवी.

आता नीट बघा. ही यादी एवढंच सांगते की यांपैकी काम केलं म्हणून "कायमस्वरूपी बांधकाम" या कारणावर तुम्हाला बाहेर काढता येत नाही. जाताना ते तसंच सोडून द्या, असं ती म्हणत नाही. मालकाला न विचारता करा, असंही म्हणत नाही. करारात "आतील किंवा बाहेरील रचनेत लेखी परवानगीशिवाय फेरबदल करणार नाही" अशी ओळ असते, आणि बऱ्याच छापील मसुद्यांत ती असतेच. तेव्हा लाकडी पार्टिशनसाठीही परवानगी लागते. यादी तुमची जागा वाचवते, डिपॉझिट नाही.

कायमस्वरूपी म्हणजे काय? कोर्ट काय बघतं?

यादीत नसलेल्या कामाचं काय? सर्वोच्च न्यायालयाचा ओम प्रकाश विरुद्ध अमर सिंग हा 1987 चा निकाल इथे उपयोगी आहे. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या छावणी भागाच्या भाडे कायद्याचं होतं, म्हणजे महाराष्ट्राचं नाही आणि प्रश्नही थोडा वेगळा होता: भाडेकरूने इमारतीत मोठा फेरबदल केला का? त्याने मोठ्या खोलीत सहा फूट उंचीची आडभिंत घातली होती. कोर्टाने पाहिलं की भिंतीला पाया खणलेला नाही, ती छताला टेकत नाही, आणि इमारतीचं नुकसान न करता कधीही काढता येते. म्हणून तो मोठा फेरबदल धरला नाही.

यातून आपण घ्यायचा प्रश्न साधा आहे: ही वस्तू उद्या काढली, तर जागा होती तशी होईल का? हो असेल तर तुम्ही सुरक्षित बाजूला आहात. नाही असेल, तर ते काम लेखी संमतीशिवाय हातात घेऊ नका. चार इंची विटांची भिंत, दोन गाळ्यांमधली भिंत फोडणं, पोटमाळ्यासाठी भिंतीत लोखंडी गर्डर घुसवणं, शटरची जागा बदलणं ही सगळी "नाही" गटातली कामं.

आता काम करताना: पार्टिशन

पार्टिशन कशाचं करता यावर जाताना काय हातात येतं ते ठरतं.

अॅल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं पार्टिशन स्क्रूवर उभं असतं. ते सुटं करून नव्या जागेत मापात बसवता येतं, नाहीतर विकता येतं. प्लायचं पार्टिशन अर्धंमुर्धं परत वापरता येतं. जिप्सम बोर्डचं पार्टिशन दिसायला भिंतीसारखं छान, पण काढताना बोर्ड तुटतात. हातात येतं ते फक्त आतलं पत्र्याचं चॅनल, आणि वर मलबा उचलायचा खर्च. थोड्या काळासाठी जागा घेतली असेल तर जिप्सम हा "गेले पैसे" समजूनच करा.

खरं नुकसान पार्टिशनचं नसतं, फरशीचं असतं. खालची चौकट फरशीत ड्रिल मारून बसवतात. काढल्यावर दर दोन फुटांवर भोक उरतं, एखादी फरशी तडकते. तशीच फरशी बाजारात शोधायला जाल तर त्याच छटेची मिळत नाही, कारण प्रत्येक लॉटची छटा थोडी वेगळी असते. मग मालक म्हणतो सगळी फरशी बदला. यावर उपाय स्वस्त आहेत. मिस्त्रीला सांगा की शक्य तिथे भोक फरशीच्या मधोमध नको, सांध्यात घ्या. हलकं पार्टिशन असेल तर भिंत आणि छताला आधार देऊन खाली सिलिकॉनवर बसतं का ते विचारा. आणि मालकाकडे जुन्या फरशीचे दोन-चार नग शिल्लक आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

रंग

रंग काढून नेता येत नाही, त्यामुळे इथे प्रश्न फक्त एकच: भिंत कोणत्या स्थितीत परत द्यायची?

तीन वर्षांत पांढरा रंग पिवळट पडला, हात लागून काउंटरजवळ मळला, तर ती नेहमीच्या वापरातली झीज. त्याचे पैसे मागणं कायद्याच्या मूळ नियमात बसत नाही. पण तुम्ही पांढऱ्या भिंतीवर गडद मरून मारला, वॉलपेपर चिकटवला, व्हिनाइलचे स्टिकर लावले किंवा रॅकसाठी चाळीस खिळे ठोकले, तर ती झीज नाही, तो बदल आहे. तो परत करायचा खर्च तुमच्याकडे येतो.

आणि गडद रंग झाकणं म्हणजे एक हात पांढरा मारणं नव्हे. आधी भोकं पुट्टीने भरायची, घासायचं, प्रायमर मारायचा, मग दोन-तीन हात. प्रायमर टाळला तर खालचा रंग डोकावतो आणि पेंटर पुन्हा बोलवावा लागतो. म्हणून ब्रँडचा रंग हवाच असेल तर एकाच भिंतीवर घ्या, किंवा तो रंग भिंतीऐवजी सुट्या पॅनेलवर आणा. पॅनेल तुमच्याबरोबर नव्या दुकानात येतं.

एक पळवाट मात्र बंद असते. करारात "सोडताना नवीन रंग देऊन जागा परत करावी" असं लिहिलेलं असेल, तर झीज झाली म्हणून सुटका नाही. ही ओळ सहीच्या आधी शोधा. ती काढून टाकता येते का विचारा, किंवा "पांढरा, एक हात" असं माप घालून घ्या.

एक हिशोब मांडू

समजा गारखेडा परिसरात तुम्ही बुटिकसाठी 300 चौरस फुटांचा गाळा घेतला. भाडं 14,000, डिपॉझिट 70,000, करार 36 महिन्यांचा. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या मिस्त्रीचे दर तुम्ही टाका.

खर्च असा: काचेचं पार्टिशन 28,000, फॉल्स सीलिंग 24,000, गडद रंग 12,000, वायरिंग आणि लाइट 10,000, बोर्ड 7,000. एकूण 81,000.

36 महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,250 रुपये. म्हणजे तुमचं खरं भाडं 14,000 नाही, 16,250 आहे. आणि मालकाने अकराव्या महिन्यात जागा परत मागितली तर? तेच 81,000 भागिले 11, म्हणजे महिन्याला साधारण 7,364. इंटिरिअरचा खर्च करायचा तर निदान तेवढ्या काळासाठी मालक तुम्हाला काढू शकणार नाही, अशी लॉक-इनची अट का हवी ते इथे दिसतं. बऱ्याच करारांत लॉक-इन फक्त तुम्हाला बांधतो, मालकाला नाही. तो दोघांना बांधणारा करून घ्या.

आता बाहेर पडताना. पार्टिशन उतरवायची मजुरी 2,500. सीलिंग काढणं, मलबा उचलणं, स्लॅबची भोकं बुजवणं 5,000. भिंती पुन्हा पांढऱ्या करणं 9,000. एकूण 16,500. उलट पार्टिशन नव्या जागेत वापरलं तर समजा 10,000 रुपयांचं सामान वाचलं. निव्वळ खर्च 6,500.

कागद नसेल तर मालक "सगळं मिळून 45,000 कापतो" म्हणू शकतो आणि तुम्ही काहीच दाखवू शकत नाही. कागद असेल तर बोलणी 16,500 पासून सुरू होतात. आणि तिथेही एक सौदा असतो. नवीन भाडेकरूला सीलिंग आणि लाइट हवेच असतील, तर मालकाला म्हणा: "हे दोन्ही तुमच्याकडे राहू द्या, रंगाचे पैसे कापू नका." तुमचा सीलिंग काढायचा 5,000 आणि रंगाचा 9,000 वाचला, मालकाला तयार जागा मिळाली. तुमचा खर्च उरला 2,500. हा सौदा तोंडी करू नका, ताबा पावतीत लिहा.

काम सुरू करण्याआधी हा मजकूर पाठवा

वेगळा स्टॅम्प पेपर लागतोच असं नाही. शक्य असेल तर हे करारातच जोडा. करार झालेला असेल तर साध्या कागदावर दोन प्रती करून सही घ्या. मालक पुण्या-मुंबईला असेल तर निदान ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यांचं "मान्य" असं उत्तर जपून ठेवा.

"आपल्या गाळा क्रमांक ___ मध्ये मी माझ्या खर्चाने पुढील कामे करत आहे: (1) काच व अॅल्युमिनियमचे पार्टिशन, (2) फॉल्स सीलिंग, (3) समोरच्या भिंतीला रंग, (4) पट्टीतील वायरिंग. यास आपली संमती आहे. जागा सोडताना क्रमांक 1 मी काढून नेईन व फरशीची भोके बुजवून देईन. क्रमांक 2 व 4 जागेतच राहतील, ते काढण्याचा खर्च माझ्याकडून घेतला जाणार नाही. क्रमांक 3 ची भिंत मी पुन्हा पांढरी करून देईन. वापरामुळे झालेल्या नेहमीच्या झिजेसाठी डिपॉझिटमधून कपात होणार नाही."

बघा, यात प्रत्येक कामापुढे त्याचं भवितव्य लिहिलंय. नुसती "कामास परवानगी आहे" एवढी ओळ घेतली तर काम करायची मुभा मिळते, पण जाताना काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो. भांडण तिथेच होतं.

या कागदाबरोबर ताबा घेतला त्या दिवशीचा व्हिडिओ हवा. फरशी, भिंती, स्लॅबचे कोपरे, ओल, शटर, मीटर, सगळं सलग एका चित्रीकरणात, आणि त्याच दिवशी तो मालकाला पाठवलेला. "जशी मिळाली तशी" यातलं "जशी" म्हणजे काय, हे नंतर फक्त हाच व्हिडिओ सांगतो.

सोडताना क्रम चुकवू नका

नोटीस दिली की साधारण महिनाभर आधी मालकाला जागेवर बोलवा. दोघांनी मिळून यादी करा: काय काढायचं, काय ठेवायचं, काय दुरुस्त करायचं. मग तुमच्या माणसांकडून काम करून घ्या, कारण मालकाने करून घेतलं तर दर तो ठरवतो. काम झाल्यावर पुन्हा व्हिडिओ. त्यानंतर ताबा पावती: जागा मिळाली, स्थिती तपासली, अमुक कपात, उरलेलं डिपॉझिट अमुक तारखेला. त्यावर सही झाली की मगच चावी. काढून न्यायची एकही वस्तू आत असेल तर चावी तुमच्याच खिशात राहू द्या.

खर्च काही लाखांत जाणार असेल, किंवा भिंत, स्लॅब, शटर यांना हात लागणार असेल, तर मसुदा एकदा वकिलाला दाखवा. त्याची फी तुमच्या सीलिंगच्या खर्चापुढे किरकोळ असते.

तुमचा करार आत्ता जवळ असेल तर उघडा आणि तीन ओळी शोधा: फेरबदलाची, रंगाची आणि डिपॉझिट परत करण्याची. त्यातली जी सापडणार नाही, ती सुतार येण्याआधी लिहून घ्या.